शिट्टी दिसली पाहिजे

फुटबॉलचा पंच मैदानावर तोंडाने फारसं बोलत नाही. फ्री किक कोणाला मिळाली ते तो हात लांब करून दाखवतो. किक इनडायरेक्ट असेल तर एक हात डोक्यावर उभा धरतो आणि चेंडूला दुसऱ्या कोणाचा पाय लागेपर्यंत खाली घेत नाही. फाउल झाला, पण खेळ थांबवला तर ज्याच्यावर फाउल झाला त्याचंच नुकसान होईल असं वाटलं, तर दोन्ही हात पुढे ढकलून ‘चालू द्या’ म्हणतो. पेनल्टी, कॉर्नर, गोल किक यांच्यासाठी बोट दाखवलं की काम होतं.

पिवळ्या आणि लाल कार्डांचा जन्म तर बोलणं न कळल्यामुळेच झाला. १९६६च्या विश्वचषकात वेम्बलीवर इंग्लंड आणि अर्जेंटिनाची उपांत्यपूर्व लढत होती. जर्मन पंच रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कप्तान अंतोनिओ रातीन याला बाहेर काढलं. पंचांना स्पॅनिश येत नव्हतं, रातीनला जर्मन येत नव्हतं. कितीतरी वेळ तो मैदान सोडायला तयार नव्हता. त्या स्पर्धेत पंचांची व्यवस्था पाहणारे केन अ‍ॅस्टन यांना या गोंधळानंतर सिग्नलच्या दिव्यांवरून रंगीत कार्डांची कल्पना सुचली आणि १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात ती पहिल्यांदा वापरली गेली. शिट्टी रूढ होण्याआधीच्या काळातले पंच तर रुमाल हलवून निर्णय देत.

म्हणजे या खेळाचा बराचसा कारभार डोळ्यांवरच चालतो. कानावर सोपवलेली महत्त्वाची गोष्ट एकच: ‘थांबा’. नेमकी तीच कर्णबधिर खेळाडूंच्या सामन्यात अडते. निर्णय काय झाला हे सगळ्यांना कळतं, निर्णय झाला आहे हे मात्र कळायला वेळ लागतो. कर्णबधिर फुटबॉलमध्ये खेळाडू आणि पंच जे काही वेगळं करतात, ते बहुतेक सगळं हा वेळ कमी करण्यासाठी किंवा तो पोटात घेण्यासाठी असतं.

हा खेळ अलीकडचा नाही. कर्णबधिरांची पहिली आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा १९२४ साली पॅरिसमध्ये भरली. तिथे ९ देश आले होते आणि फुटबॉल तेव्हापासूनच कार्यक्रमात आहे. त्याच स्पर्धेला आज डेफलिंपिक्स म्हणतात. तिथे खेळण्यासाठी चांगल्या कानातही किमान ५५ डेसिबलचा श्रवणदोष असावा लागतो. तो ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या तीन स्वरांवर मोजून सरासरी काढतात. सामना सुरू असताना श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांटचा बाहेरचा भाग लावायला परवानगी नसते. एरवी यंत्र लावून बऱ्यापैकी ऐकणारा खेळाडूही मैदानात उतरताना ते काढून ठेवतो. त्यामुळे थोडं ऐकू येणारा आणि अजिबात न येणारा यांच्यातलं अंतर कमी होतं, आणि हेडर मारताना किंवा धडकताना यंत्रामुळे इजा होण्याची भीतीही राहत नाही.

तरीही पंच शिट्टी वाजवतातच. काही खेळाडूंना जवळून वाजलेली शिट्टी अस्पष्ट जाणवते. शिवाय सहायक पंच, प्रशिक्षक, बाकावर बसलेली माणसं यांच्यापैकी अनेकांना ऐकू येतं. पण शिट्टीवर विसंबता येत नाही. तिचा स्वर साधारण तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे चांगलाच उंच असतो. अनेकांचा श्रवणदोष असा असतो की खालच्या पट्टीतलं थोडंफार कळतं आणि वरच्या पट्टीतलं जवळजवळ जातंच. अशा खेळाडूला ढोलाचा ठोका जाणवेल, शिट्टी जाणवणार नाही.

म्हणून पंचाच्या हातात झेंडा येतो. एरवी झेंडे फक्त कडेने धावणाऱ्या दोन सहायक पंचांकडे असतात. इथे मधल्या पंचाकडेही असतो. खेळ थांबवायचा असला की तो शिट्टी फुंकतो आणि त्याच क्षणी झेंडा उंच धरून हलवतो. दोन्ही सहायकही आपापले झेंडे वर करतात. त्यामुळे खेळाडूचं तोंड कुठेही असलं तरी तीनपैकी एखादा झेंडा त्याच्या नजरेच्या टप्प्यात येण्याची शक्यता वाढते. डेफलिंपिक्समधल्या धावण्याच्या शर्यतींत बंदुकीच्या जागी दिवे लावतात आणि तिथे तेवढ्याने भागतं, कारण सगळे धावपटू एका जागी आणि तयारीत असतात. फुटबॉलमध्ये बावीस जण बावीस दिशांना बघत असतात.

एक प्रसंग सावकाश पाहू. मधल्या फळीतून एक लांब पास बचावफळीच्या मागे पडतो. स्ट्रायकर त्यामागे सुटतो, पण पास सुटला त्या क्षणी तो अर्धा मीटर ऑफसाइड होता. सहायक पंचाचा झेंडा वर जातो, पंच शिट्टी वाजवून आपला झेंडा उंचावतो. ऐकू येणाऱ्यांच्या सामन्यात गोष्ट इथेच संपते. इथे स्ट्रायकरच्या पुढे गोल आहे, पंच मागे आहे आणि सहायक आडवा कडेला आहे. चेंडू पायाशी असल्यामुळे स्ट्रायकरची नजर खाली आहे. तो सेकंदाला सात मीटर वेगाने धावत असेल तर दोन सेकंदांत चौदा मीटर पुढे जातो. त्याच्यामागे धावणारे दोन डिफेंडरही स्वतःच्या गोलकडे तोंड करून आहेत. त्यांनाही काही कळलेलं नाही.

कळलेलं असतं ते गोलकीपरला. सगळं मैदान त्याच्यासमोर असतं, म्हणून तिन्ही झेंडे त्याला दिसतात. तो जागीच थांबतो आणि दोन्ही हात वर करतो. स्ट्रायकरने मान उचलली की त्याला प्रतिस्पर्धी गोलकीपर थांबलेला दिसतो, आणि बहुतेक वेळा त्याच्यासाठी तीच शिट्टी ठरते. थांबण्याची खबर अशी एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जाते. ज्याने झेंडा पाहिला तो हात वर करतो, त्याला पाहून दुसरा करतो. सरावलेल्या संघांत ही लाट मैदानभर पसरायला फार वेळ लागत नाही.

पण यात एक खोच आहे. प्रतिस्पर्धी हात वर करून उभा राहिला म्हणजे खेळ खरोखर थांबला आहे याची खात्री काय? ऑफसाइड मागण्यासाठीही डिफेंडर हात वर करतातच. म्हणून शहाणा स्ट्रायकर दुसऱ्याच्या हातावर विश्वास ठेवत नाही. तो क्षणभर मान वळवून झेंडा पाहतो. झेंडा नसेल तर खेळत राहतो, मात्र त्या एका नजरेत त्याची अर्धी आघाडी गेलेली असते. हात वर करून मुद्दाम फसवणारा खेळाडू पंचाच्या लक्षात आला, तर ते अखिलाडू वर्तन ठरून पिवळं कार्ड मिळू शकतं.

आता समजा स्ट्रायकरने मान उचललीच नाही, गोल मारला आणि आनंदाने धावत सुटला. पंचाने काय करायचं? ऐकू येणाऱ्या खेळाडूने शिट्टीनंतर चेंडू असा मारला, तर पंच त्याला वेळ काढण्याबद्दल किंवा निषेध दाखवण्याबद्दल पिवळं कार्ड देऊ शकतो. इथे आधी पाहायचं असतं ते एवढंच, की त्याला कळलं होतं का. त्याची खूण शरीरात सापडते. झेंडा दिसलेल्या माणसाचं पाऊल अडखळतं, खांदे सैल पडतात, मान पंचाकडे वळते. हे झाल्यावर त्याने चेंडू भिरकावला असेल तर तो राग आहे. पावलाची लय जराही न बदलता मारला असेल तर त्याला कळलेलंच नव्हतं. मग पंच गोल नाकारतो, फ्री किक देतो आणि कार्ड खिशातच ठेवतो.

हाच प्रश्न टॅकलच्या बाबतीत जास्त गंभीर होतो. खेळ थांबला म्हणून एक जण उभा राहिला, आणि मागून येणाऱ्या डिफेंडरने झेंडा न पाहता पाय घातला, तर दुखापत होते ती बेसावध माणसाला. डिफेंडरला कळलं नव्हतं म्हणून टॅकलचा धोकादायकपणा माफ होत नाही. खेळ चालू असतानाही जो टॅकल लाल कार्डाचा, तो आताही लाल कार्डाचाच. पण साधा, नेहमीचा टॅकल केवळ उशिरा आला म्हणून त्यात द्वेष शोधायचा नसतो. म्हणून अशा सामन्यात पंच झेंडा वर करून जागीच थांबत नाही. तो चेंडूच्या दिशेने धावत सुटतो आणि गरज पडली तर दोन खेळाडूंच्या मध्ये जाऊन उभा राहतो. कारण झेंड्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही तरी समोर आलेल्या माणसाकडे जातंच.

झेंड्याची अडचण अशी की एकदा वर गेला की परत घेता येत नाही. शिट्टीचंही तसंच आहे, पण इथे आणखी एक गुंता होतो. नेहमीच्या सामन्यात सहायकाने झेंडा दाखवला तरी पंचाची शिट्टी होईपर्यंत खेळत राहायचं, हे लहानपणापासून शिकवलेलं असतं. सहायक फक्त सुचवतो, ठरवतो पंच. जिथे दोघांकडेही झेंडेच आहेत, तिथे सहायकाचा झेंडा पाहून निम्मा संघ थांबतो आणि पंचाने तो मानलेलाच नसतो. म्हणून सामन्याआधी दोन्ही कप्तानांना बोलावून स्पष्ट करावं लागतं की खेळ थांबतो तो मधल्या पंचाच्या झेंड्यावर. सहायकांनाही सांगितलं जातं की झेंड्याची घाई करू नका. फाउलनंतर ‘चालू द्या’ म्हणायचं असेल तर पंचाला तोंडाने ओरडून ते सांगता येत नाही. ज्याच्यावर फाउल झाला तो खेळाडू झेंडा शोधायला मान वळवतो आणि मिळालेला फायदा तिथेच निसटतो. त्यामुळे अ‍ॅडव्हांटेज देताना पंचाला नेहमीपेक्षा जास्त पारख करावी लागते. खेळाडूला मान वळवूनही पुरेल एवढा फायदा असेल, तरच तो देण्यात अर्थ असतो.

पंचांबद्दल एवढं झालं. आता खेळाडू एकमेकांशी कसं बोलतात ते पाहू. सांकेतिक भाषा येते म्हणजे मैदानावर गप्पा मारता येतात, असा आपला समज असतो. तसं होत नाही. सांकेतिक भाषेला दोन्ही हात, चेहऱ्यावरचे भाव आणि समोरच्याची नजर लागते. धावताना हात तोल सांभाळण्यात गुंतलेले असतात, आणि चाळीस मीटरवरून बोटांची अक्षरं वाचता येत नाहीत, ओठांच्या हालचाली तर नाहीतच. म्हणून मैदानावरच्या खुणा एका हाताच्या, लांब पसरलेल्या आणि मोजक्या असतात. पुढे चला, मागे या, आत दाबा, तू त्याला धर, वेळ आहे, वेळ नाही. खऱ्या गप्पा खेळ थांबल्यावर होतात: थ्रो-इनला, कोणी जखमी झाल्यावर, मध्यंतरात. त्या अर्ध्या मिनिटात पुढच्या दहा मिनिटांचं सांगून ठेवायचं असतं.

ऐकू येणाऱ्या संघात सगळ्यात कामाची आरोळी म्हणजे ‘मॅन ऑन’. तुझ्या मागून कोणी येतंय. पाठमोऱ्या माणसाला सावध करायला आवाजासारखं साधन नाही. जन्मापासून कर्णबधिर असलेल्यांना नजरेच्या कडेला होणारी हालचाल ऐकणाऱ्यांपेक्षा चटकन टिपता येते, असं संशोधनात दिसून आलं आहे. पण डोळ्यांचा टप्पा दोन्ही बाजू मिळून साधारण अर्धवर्तुळाचा असतो. मागचं अर्धं वर्तुळ कोणालाच दिसत नाही. मग हे काम दोघांत वाटून घेतात.

पहिला वाटा चेंडू घेणाऱ्याचा. वीस मीटरचा पास सेकंदाला पंधरा मीटर वेगाने आला तर त्याच्या हातात जेमतेम सव्वा सेकंद असतो. त्यात शेवटचा काही काळ नजर चेंडूवर हवी. म्हणजे खांद्यावरून मागे पाहायचं ते चेंडू निघण्याआधी, आणि जमलं तर तो वाटेत असताना पुन्हा एकदा. दर काही सेकंदांनी मान वळवण्याची सवय सगळ्याच चांगल्या मिडफिल्डरना असते. फरक एवढाच की ऐकणाऱ्याने ती विसरली तर सोबती ओरडतो, इथे चेंडू जातो.

दुसरा वाटा पास देणाऱ्याचा. त्याला घेणाऱ्याच्या मागचं सगळं दिसत असतं, पण ते सांगायची संधी चेंडू पायातून सुटण्याआधीच असते, कारण त्यानंतर घेणारा त्याच्याकडे पाहणार नाही. म्हणून आधी नजरानजर, मग हाताची खूण, मग पास. उघडा तळवा समोर धरला तर चेंडू परत दे, बोट बाजूला दाखवलं तर तिकडे वळ, अशा खुणा संघ आपापसांत ठरवून घेतो. हातही मोकळा नसेल तर पासच बोलतो. प्रतिस्पर्धी उजवीकडून येत असेल तर चेंडू मुद्दाम डाव्या पायावर द्यायचा. जोरात आला तर एका टचमध्ये पुढे सोड, हळू आला तर वेळ आहे. हे प्रशिक्षक सगळ्यांनाच शिकवतात, पण इथे पास चुकीच्या पायावर पडला की निरोपही चुकीचा पोचतो.

सगळ्यात कुचंबणा होते गोलकीपरची. त्याला सगळं दिसतं आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. नेहमीच्या संघात बचावफळी हलवतो तो त्याचा आवाज. क्रॉस आला की ‘माझा’ म्हणून तो ओरडतो आणि डिफेंडर बाजूला होतो. इथे दोघेही चेंडूकडे बघत उडी मारतात आणि एकमेकांवर आदळतात. यावर खूण चालत नाही, कारण हवेतल्या चेंडूवरून नजर काढणार कोण? त्यामुळे हा प्रश्न आधीच नियम करून सोडवतात: गोलसमोरच्या साडेपाच मीटरच्या छोट्या चौकटीत उंच चेंडू गोलकीपरचा, त्याबाहेर डिफेंडरचा. मधला एखादा हात लांबचा पट्टा तरीही वादाचाच राहतो, आणि धडक बहुतेक तिथेच होते. खेळ थांबला की बचावातल्या मधल्या खेळाडूने आधी मागे वळून गोलकीपरकडे पाहायचं, अशी शिस्त लावतात. त्याने घेतलेली सूचना तो डाव्या-उजव्या बाजूंना हाताने पुढे पाठवतो.

खुणांचा एक तोटा असा की त्या प्रतिस्पर्ध्यालाही दिसतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू डोकी जवळ घेऊन जो घोळका करतात, त्याचं श्रेय गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजच्या संघाला दिलं जातं. १८९०च्या दशकात आपल्या खुणा समोरच्यांनी वाचू नयेत म्हणून त्यांनी तो सुरू केला. फुटबॉलमध्येही कॉर्नरच्या वेळी अंगाआड हात ठेवून खूण करतात. देशोदेशीच्या सांकेतिक भाषा वेगळ्या असल्याने आंतरराष्ट्रीय सामन्यात थोडं संरक्षण आपोआप मिळतं. पण त्याच कारणाने पंचाला दोन्ही संघांशी बोलायला दुभाषा किंवा आंतरराष्ट्रीय सांकेतिक खुणा लागतात.

भाषेचा हा मुद्दा शिस्तीलाही लागू होतो. फुटबॉलच्या नियमांत अपमानास्पद शब्दांबरोबर अपमानास्पद कृतीलाही लाल कार्ड आहे, त्यामुळे हाताने दिलेली शिवी तोंडाने दिलेल्या शिवीइतकीच महाग पडते. अडचण एवढीच की पंचाला ती ओळखता आली पाहिजे. सांकेतिक भाषेत हात झटकणं, भुवया आवळणं, चेहरा ताणणं हा व्याकरणाचा भाग असतो. नवख्या पंचाला साधा प्रश्नही भांडणासारखा दिसू शकतो. उलट, हसऱ्या चेहऱ्याने केलेला खरा अपमान नजरेतून निसटतो. म्हणून अनुभवी पंच हातवाऱ्यांच्या जोरावरून काही ठरवत नाहीत. ते थांबतात, खेळाडूला समोरासमोर घेतात, चूक कुठे झाली ती जागा दाखवतात, कितवी चूक ते बोटांवर मोजतात आणि मग कार्ड त्याच्या नजरेसमोर धरतात. पाठमोऱ्या खेळाडूला दाखवलेलं कार्ड त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं.

झटपट घेतलेल्या फ्री किकचीही अशीच गोष्ट. नियमाने ती घेता येते, पण समोरचा संघ अजून निर्णय काय झाला ते पाहत असेल तर तो उघडा पडतो. पंच त्यांच्यासाठी थांबायला बांधील नाही. पण भिंत मागे सरकवायला लागली की तिथून पुढे शिट्टीची वाट पाहायची असते आणि इथे ती शिट्टी झेंड्याने द्यावी लागते. म्हणून पंच आधी हात उभा धरून सगळ्यांच्या नजरा गोळा करतो, मग झेंडा खाली आणतो. असे दोन-तीन सेकंद दर खेपेला जातात आणि ते शेवटी वाढीव वेळेत मोजायचे असतात.

यातलं बरंचसं आपल्याकडच्या गल्लीतल्या आणि तालमींच्या स्पर्धांतही लागू पडतं, कारण कर्णबधिर खेळाडू फक्त डेफलिंपिक्समध्ये खेळत नाहीत. ऐकणाऱ्या दहा जणांच्या संघात अकरावा असा एखादा असतो. तिथे मधल्या पंचाकडे झेंडा नसतो आणि शिट्टीनंतर पाय घातल्याबद्दल त्या मुलाला फुकट कार्ड मिळतं. हे टाळायला नवा नियम लागत नाही. संघाच्या कप्तानाने सामन्याआधी पंचाला त्या खेळाडूचा नंबर सांगावा. पंचाने शिट्टीबरोबर प्रत्येक वेळी हात सरळ वर न्यावा. खेळ थांबला की जवळच्या सोबत्याने, आणि प्रतिस्पर्ध्यानेही, त्याच्या समोर येऊन हात दाखवावा. आणि त्याचा पाय उशिरा आला, तर खिशाकडे हात नेण्याआधी पंचाने एक आठवावं: शिट्टी वाजली तेव्हा त्याचं तोंड कुठे होतं?